रुग्णालयाचा जनरेटर किती मोठा हवा?

रुग्णालयासाठी डिझेल जनरेटर घेण्यापूर्वी विद्युत सल्लागार चार-सहा पानांचे एक टिपण तयार करतो. व्यवहारात त्याला ‘डीजी साइझिंग नोट’ म्हणतात. सगळ्या उपकरणांच्या किलोवॅटची बेरीज करायची, त्यात थोडी भर घालायची आणि बाजारातला पुढचा मोठा संच निवडायचा, एवढेच हे काम आहे असा समज असतो. चांगल्या टिपणात ही बेरीज पहिल्या पानावरच संपते. पुढची पाने तीन प्रश्नांची उत्तरे देतात. मोटरी सुरू होताना जनरेटरला किती झटका बसेल? हा संच वर्षाकाठी किती तास आणि किती भाराने चालणार आहे? बाहेरून टँकर आला नाही तर आवारातले डिझेल किती वेळ पुरेल? प्रत्येक उत्तराखाली काही गृहीतके असतात. ती कागदावर लिहिलेली नसतील, तर उत्तर बरोबर की चूक हे नंतर कोणालाच तपासता येत नाही.

उदाहरणादाखल पश्चिम महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या एखाद्या गावात शंभर खाटांचे रुग्णालय आहे असे धरू. त्यात तीन शस्त्रक्रियागृहे, वीस खाटांचा अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा आहे.

चालू भाराची बेरीज

वीज गेल्यावर काय चालू राहिले पाहिजे, याची यादी आधी होते. या रुग्णालयात आवश्यक दिवे आणि प्लग यांना ४० किलोवॅट लागतात. अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहांतली उपकरणे यूपीएसमार्फत ५० किलोवॅट घेतात, तर प्रयोगशाळा आणि रक्तपेढीची शीतकपाटे १५. मेडिकल एअर कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंप मिळून सुमारे २२ किलोवॅट होतात. इथपर्यंतचा भार जिवाशी थेट निगडित आहे. तो १२७, म्हणजे साधारण १३० किलोवॅट भरतो.

दुसऱ्या गटात वातानुकूलनाचे पंखे २०, चिलर ९०, लिफ्ट सरासरी १५ आणि पाण्याचा पंप ११ किलोवॅट आहेत. दोन्ही गट मिळून २६३ किलोवॅट होतात. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात आणि तिचा हिशेब ०.८ पॉवर फॅक्टर धरून करतात. म्हणून २६३ ला ०.८ ने भागले की ३२९ केव्हीए येतात. पुढील वाढीसाठी थोडी जागा ठेवली की ३८० केव्हीएचा, म्हणजे ३०४ किलोवॅटचा, एक संच पुरेसा वाटतो. बरीच टिपणे इथेच थांबतात.

मोटर सुरू होतानाचा भार

इंडक्शन मोटर स्थिर अवस्थेतून फिरू लागते, तेव्हा पहिले काही सेकंद ती नेहमीच्या सहा ते सात पट प्रवाह ओढते. महावितरणच्या जाळ्यावर हे फारसे जाणवत नाही, कारण त्या जाळ्यापुढे एक मोटर फारच लहान असते. जनरेटर मात्र मर्यादित स्रोत आहे. त्याच्या अल्टरनेटरला स्वतःचा अंतर्गत अवरोध असतो, तो सुरुवातीच्या क्षणांत साधारण २० टक्के धरता येतो. मोटरने मोठा प्रवाह ओढला की या अवरोधात व्होल्टेज खर्ची पडते आणि बाहेर मिळणारे व्होल्टेज क्षणभर खाली येते. यालाच व्होल्टेज डिप म्हणतात.

डिपचा ढोबळ हिशेब सोपा आहे. अल्टरनेटरच्या केव्हीएला अवरोधाने भागायचे. ३८० ला ०.२ ने भागले की १९०० मिळतात. मोटरचा सुरू होतानाचा केव्हीए भागिले त्या केव्हीए आणि १९०० यांची बेरीज, म्हणजे डिप. चिलरची ९० किलोवॅटची मोटर चालू असताना सुमारे १११ केव्हीए घेते. ती थेट लाइनवर सुरू केली तर साडेसहा पटीने ७२४ केव्हीए मागते. ७२४ भागिले २६२४ म्हणजे जवळजवळ २८ टक्के डिप. व्होल्टेज तीसेक टक्के उतरले की अनेक कॉन्टॅक्टरांची पकड सुटू लागते. म्हणजे चिलर सुरू होताना व्हॅक्यूम पंप बंद पडू शकतो. त्यामुळे रुग्णालयासाठी डिप १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट टिपणात घालतात.

म्हणूनच मोठ्या मोटरींना स्टार-डेल्टा स्टार्टर बसवतात. स्टार जोडणीत मोटर एक-तृतीयांश प्रवाह घेते, त्यामुळे मागणी २४१ केव्हीएवर येते आणि डिप ११ टक्क्यांवर. पण या जोडणीत मोटरची ओढही एक-तृतीयांश होते. टायमर कमी सेकंदांवर लावलेला असेल, तर मोटरने पुरेसा वेग घेण्याआधीच ती डेल्टात जाते आणि जवळजवळ थेट सुरुवातीएवढा दुसरा झटका देते. चिलर सुरू झाल्यावर काही सेकंदांनी दिवे पुन्हा मंदावत असतील, तर संच लहान आहे असे लगेच ठरवू नये. आधी टायमर तपासावा. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी असेल तर हा दुसरा झटका टळतो, मात्र व्हीएफडी आणि यूपीएस अल्टरनेटरकडून वाकडातिकडा प्रवाह घेतात. त्यासाठी अल्टरनेटर थोडा मोठा निवडावा लागतो.

एकेका मोटरीचा हिशेब जमला तरी खरी परीक्षा वेगळीच असते. वीज जाते तेव्हा सगळ्या मोटरी थांबतात, आणि जनरेटर आला की ज्यांचे स्टार्टर आपोआप चालू होणारे आहेत त्या एकदम उठतात. चिलरचे २४१ केव्हीए, एअर कॉम्प्रेसरचे १२७, पाण्याच्या पंपाचे ९४ आणि व्हॅक्यूम पंपाचे ६५ मिळून ५२७ केव्हीए होतात. ३८० च्या संचावर डिप २२ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे अटीबाहेर. त्याच क्षणी यूपीएसच्या बॅटऱ्याही चार्ज होऊ लागतात आणि त्यांचा दहा-पंधरा टक्के जादा भार पडतो.

यावरचा उपाय क्रमाने भार घेण्याचा आहे. मुख्य पुरवठा गेला हे एएमएफ पॅनल दोन-तीन सेकंदांत ओळखते, इंजिन फिरवते आणि व्होल्टेज स्थिर झाल्यावर भार जोडते. वैद्यकीय जागांच्या आंतरराष्ट्रीय मानकात रुग्णसुरक्षेच्या अशा भारांसाठी १५ सेकंदांची मर्यादा आहे, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या दिव्यांसाठी अर्ध्या सेकंदाची. अर्धा सेकंद कोणताही डिझेल संच पाळू शकत नाही, म्हणून तिथे बॅटरीच हवी. या रुग्णालयात पहिल्या टप्प्यात, १५ सेकंदांच्या आत, यूपीएस, आवश्यक दिवे आणि अतिदक्षता विभाग येतो. मग काही सेकंदांच्या अंतराने व्हॅक्यूम पंप आणि एअर कॉम्प्रेसर, त्यानंतर लिफ्ट, पंखे आणि पाण्याचा पंप. चिलर सर्वांत शेवटी, साधारण मिनिटभराने. असे केले की एका वेळी सर्वांत मोठा झटका एकट्या चिलरचाच राहतो.

व्होल्टेजची जबाबदारी अल्टरनेटरची आणि वेगाची इंजिनाची. सुरू होणाऱ्या मोटरीचा पॉवर फॅक्टर फार कमी, साधारण ०.३ असतो. त्यामुळे २४१ केव्हीएमधून इंजिनावर जेमतेम ७२ किलोवॅट येतात. उलट यूपीएस आणि दिव्यांसारखा भार एकदम पडला, तर व्होल्टेज ठीक राहते पण इंजिनाचा वेग आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सी खाली येते. टर्बोचार्जर असलेले इंजिन पूर्ण भार एका झटक्यात घेत नाही. एका पायरीत किती टक्के भार घेता येतो, ते निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहून टिपणात नोंदवायचे असते.

स्टँडबाय म्हणजे किती तास?

नेमप्लेटवरचा आकडा कोणत्या ड्युटीचा आहे, हे विचारल्याशिवाय तो वापरता येत नाही. जनरेटरसाठीच्या ‘आयएसओ ८५२८’ या मानकात ड्युटीचे प्रकार ठरवलेले आहेत. आणीबाणी स्टँडबाय प्रकारात संच वर्षाला जास्तीत जास्त २०० तास चालावा, चोवीस तासांतला सरासरी भार नेमप्लेटच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि त्यावर अधिभार देऊ नये, असे अपेक्षित असते. प्राइम प्रकारात तासांची मर्यादा नाही, पण सरासरी ७० टक्क्यांचीच अट आहे. एकाच यंत्राचा स्टँडबाय आकडा प्राइमपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी मोठा असतो. म्हणून दोन दरपत्रकांतले आकडे सारखे दिसले, तरी एकाने स्टँडबाय आणि दुसऱ्याने प्राइम आकडा दिला असेल, तर ते संच एका मापाचे नसतात.

उन्हाळ्यात रोज तासभर वीज जाणाऱ्या गावात तीन महिन्यांतच नव्वद तास भरतात. पावसाळ्यातली बिघाडाची आणि देखभालीची कपात धरली, तर २०० तासांची मर्यादा जवळ येते. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांसाठी प्राइम आकड्यावर हिशेब करणे शहाणपणाचे ठरते. मागच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष किती तास वीज नव्हती, हे जनरेटरच्या लॉगबुकवरून किंवा वीज कंपनीच्या नोंदींवरून घेऊन टिपणात लिहिता येते. जागेचाही परिणाम होतो. नेमप्लेटचे आकडे २५ अंश सेल्सिअसला धरून दिलेले असतात. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, तेही बंदिस्त खोलीत, क्षमतेतली घट निर्मात्याच्या तक्त्यावरून काढावी लागते.

मोठा संच घेऊन निर्धास्त होता येत नाही, हेही ड्युटीच्याच हिशेबात दिसते. या रुग्णालयाचा रात्रीचा भार १२० किलोवॅटवर येतो. ६०० केव्हीएचा संच घेतला, तर रात्रभर तो २५ टक्क्यांवर चालेल. ३० टक्क्यांखाली बराच वेळ चालणाऱ्या इंजिनात तापमान पुरेसे वाढत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि न जळलेले इंधन व काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. धुराड्याच्या सांध्यातून काळा तेलकट ओघळ दिसू लागला, की हा दोष ओळखावा. असे इंजिन ऐन वेळी पूर्ण ताकद देत नाही.

एकच संच असेल आणि तो सुरूच झाला नाही, तर वरचा सगळा हिशेब निरर्थक ठरतो. म्हणून एका ३८० ऐवजी २५० केव्हीएचे दोन संच सिंक्रोनाइझ करून बसवणे या रुग्णालयाला अधिक सोयीचे. दोन्ही मिळून ४०० किलोवॅट देतात, त्यामुळे २६३ चा भार ६६ टक्क्यांवर बसतो. चिलर सुरू होतानाचा डिप ९ टक्क्यांच्या आत राहतो. रात्री एकच संच १२० किलोवॅटवर, म्हणजे ६० टक्के भाराने चालतो. एक संच बिघडला तर पॅनल दुसरा गट आपोआप तोडते आणि उरलेला संच जिवाशी निगडित १३० किलोवॅट ६५ टक्के भाराने पेलतो. सीटी स्कॅन यंत्र काही सेकंदांसाठी मोठी शक्ती मागते. दोन्ही संच चालू असतील तरच ते वापरावे, ही अटही टिपणात लिहून पॅनलमध्ये इंटरलॉकने पक्की करता येते.

डिझेल किती आणि कुठे

इंधनाच्या हिशेबात पहिले गृहीतक असते वीज जाण्याच्या प्रकाराचे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात ग्रीडमधल्या बिघाडाने वीज गेली, तेव्हा अनेक भागांत ती काही तासांत परतली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि तो काही दिवस बंद राहिला. पहिल्या प्रसंगात टाकीतले डिझेल पुरते आणि टँकरही मागवता येतो. दुसऱ्यात वीज नाही आणि टँकरही येत नाही. नदीकाठच्या रुग्णालयाचा हिशेब दुसऱ्या प्रसंगावर करायला हवा.

दिवसाचा मोठा आणि रात्रीचा लहान भार धरून चोवीस तासांची सरासरी १९० किलोवॅट येते. एका लिटर डिझेलमध्ये या आकाराचे संच साधारण ३.७ युनिट वीज देतात. म्हणजे तासाला ५१ लिटर आणि दिवसाला सुमारे १,२३० लिटर. फक्त जिवाशी निगडित भार ठेवला, तर तासाला ३५ लिटर.

साठ्याला कायद्याची मर्यादा आहे. डिझेल हे ‘ब’ वर्गातले पेट्रोलियम आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. म्हणूनच बाजारात ९९० लिटरच्या टाक्या सर्रास दिसतात. त्यापुढच्या साठ्यासाठी पेट्रोलियम नियमांनुसार परवाना लागतो. नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेकडे हा विषय येतो.

या रुग्णालयाने ९९० लिटरच्या दोन टाक्या ठेवल्या आणि दोन्ही संचांच्या पायातल्या २५०-२५० लिटरच्या टाक्या धरल्या, तर एकूण २,४८० लिटर होतात. त्याला ५१ ने भागले की ४८ तास येतात आणि प्रस्तावात तोच आकडा छापला जातो. पण टाकीच्या तळाचे दहा टक्के पाणी आणि गाळामुळे वापरता येत नाहीत. शिवाय वीज जाईल त्या दिवशी टाकी भरलेली असेल, हे गृहीत धरता येत नाही. साठा तीन-चतुर्थांशावर आला की नवे डिझेल मागवायचे असा नियम असेल, तर सर्वांत वाईट दिवशी टाकीत १,८६० लिटर असतील. त्यातले तळाचे २४८ वजा जाता १,६१२ लिटर उरतात. हे सरासरी भाराला ३१ तास आणि केवळ जिवाशी निगडित भाराला ४६ तास पुरतात. कागदावरचे दोन दिवस प्रत्यक्षात सव्वा दिवस ठरतात.

सात दिवस रस्ता बंद राहील असे धरले, तर जिवाशी निगडित भारालाच ५,९०० लिटर वापरण्याजोगे डिझेल हवे. वरच्याच प्रमाणाने त्यासाठी सुमारे ९,००० लिटरचा साठा, म्हणजे परवाना आणि योग्य अंतरे सोडून बांधलेली टाकी लागते. ते शक्य नसेल, तर टिपणात तसे स्पष्ट लिहावे आणि साठा संपण्यापूर्वी रुग्णांना कधी हलवायचे, याचा तास ठरवावा. या रुग्णालयात जिवाशी निगडित भारावर ४६ तास मिळतात आणि वीस खाटांचा अतिदक्षता विभाग रिकामा करायला १२ तास लागतात असे धरले, तर निर्णय चौतिसाव्या तासाच्या आत व्हायला हवा.

डिझेल किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते इंजिनापर्यंत कसे पोहोचते हेही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याखाली गेले. कर्मचाऱ्यांना आणि जवानांना डिझेल जिन्यांवरून हातोहात वर न्यावे लागले. शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले. म्हणून पूररेषेच्या वर फक्त संच असून भागत नाही. टाकी, पंप, पंपाचे पॅनल, स्टार्टर बॅटरी आणि मुख्य स्विचबोर्ड हे सगळेच वर हवेत. पंपाला वीज जनरेटरच्याच पॅनलवरून मिळावी आणि सोबत एक हातपंप असावा.

साठवलेले डिझेल खराबही होते. पावसाळ्यात टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवा येते, पाणी तळाशी साचते आणि त्यात जंतू वाढून फिल्टर चोंदतात. टाकीच्या तळाच्या कॉकमधून महिन्याला थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले, तर पाण्याचा थर किंवा काळसर गाळ डोळ्यांना दिसतो. वर्षभर न वापरलेले डिझेल बदलणे किंवा गाळून घेणे, याचीही नोंद साठ्याच्या गृहीतकांत हवी.

टिपणाची पडताळणी

जनरेटर बसवल्यावर टिपणातले आकडे खरे आहेत का, हे एकदा प्रत्यक्ष पाहावे लागते. मुख्य ब्रेकर पाडून वीज गेल्याचा प्रसंग घडवतात. पहिला भार किती सेकंदांत आला, चिलर उठताना व्होल्टेज किती उतरले आणि दुसरा संच मुद्दाम बंद केल्यावर दुसरा गट तुटला का, हे रेकॉर्डरवर पाहतात. पुढे दरमहा किमान ३० टक्के भारावर अर्धा तास चालवण्याचा नियम ठेवतात. नुसते विनाभार फिरवणे पुरत नाही, त्याने एक्झॉस्टमध्ये काजळीच साचते. संच सुरू न होण्यामागे अनेकदा इंजिनापेक्षा कमजोर झालेली बॅटरीच कारणीभूत असते, म्हणून तिची तपासणी या चाचणीतच होते.

नवा भार जोडला की टिपण पुन्हा उघडावे लागते. कोविडनंतर अनेक रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए संयंत्र आले. अशा संयंत्राचा ४५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर इथे जोडला, तर एकूण भार ३०८ किलोवॅट, म्हणजे दोन संचांच्या ७७ टक्के होतो आणि तिथवर अडचण नाही. पण ऑक्सिजन जिवाशी निगडित आहे, म्हणून तो पहिल्या गटात जातो. तो गट १३० वरून १७५ किलोवॅट होतो, आणि एकटा राहिलेला संच ८८ टक्क्यांवर पोहोचतो. ७० टक्क्यांची सरासरी तिथे मोडते. डिझेलचा खप तासाला ३५ वरून ४७ लिटरवर जातो आणि ४६ तासांचे ३४ तास होतात. रुग्ण हलवण्याचा निर्णयही त्याच हिशेबाने चौतिसाव्या तासावरून बाविसाव्या तासावर येतो. एका कॉम्प्रेसरमुळे झटका, ड्युटी आणि साठा या तिन्ही उत्तरांत बदल होतो. म्हणून टिपणाच्या शेवटी कोणत्या भाराला, कोणत्या ड्युटीला आणि किती तासांच्या साठ्याला ते लागू आहे हे तारखेसह लिहिलेले असते. यांपैकी एक बाब बदलली, की नवे टिपण करावे लागते.